एक ‘ऱ’, दोन फाइली

समजा, बोरिवलीत राहणाऱ्या एकाने कान्हेरी लेण्यांची टिपणे आपल्या जुन्या मॅकवर ठेवली आणि फाइलीला नाव दिले ‘पायऱ्या.txt’. घाटकोपरचा त्याचा मित्र लिनक्सवर काम करतो. त्याच्याकडे याच नावाची फाइल आधीपासून आहे. मॅकवरून आलेले फोल्डर त्याने तिथे उतरवले, तर जुनी फाइल बदलत नाही. ‘पायऱ्या.txt’ आणि तिच्याखाली पुन्हा ‘पायऱ्या.txt’ अशा दोन फाइली दिसतात. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली राहू शकत नाहीत, तरीही त्या राहिल्या आहेत.

याचे मूळ आपल्या ‘ऱ’मध्ये आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक दाखवायला मराठीला हे अक्षर लागतेच. युनिकोडमध्ये ते दोन प्रकारे लिहिता येते: एकसंध ‘ऱ’ म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याला जोडलेला नुक्ता म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात आणि युनिकोडही त्यांना समानच मानते. साठवलेले बाइट मात्र वेगळे असतात:

```
e0 a4 b1
e0 a4 b0 e0 a4 bc
```

वरचा एकसंध, खालचा सुटा. म्हणजे ‘पायऱ्या.txt’ हे नाव एका रूपात २५ बाइटांचे, तर दुसऱ्या रूपात २८ बाइटांचे होते. फ्रेंच ‘é’चीही हीच गत आहे, म्हणून ‘café’ नावाच्या फाइलीही अशाच दुणावतात.

मॅकची जुनी फाइल-व्यवस्था एचएफएस प्लस प्रत्येक नाव सुटे करूनच साठवायची. २०१७मध्ये आलेली एपीएफएस नाव दिले तसे ठेवते, पण तुलना करताना दोन्ही रूपे एकच धरते. त्यामुळे मॅकवाल्याला काही खटकतच नाही. लिनक्स मात्र फक्त बाइट पाहते.

गिटमध्ये याचा त्रास वेगळ्या तऱ्हेने होतो. मॅकवरचे गिट `core.precomposeunicode` चालू असताना डिस्कवरून वाचलेली नावे एकसंध करून घेते. पण भांडारात आधीच सुटे नाव नोंदलेले असेल, तर ते जुळत नाही आणि नोंद असलेली फाइल ‘अनट्रॅक्ड’ दिसते. अशा वेळी ती पुन्हा `git add` करू नका. केलीत तर भांडारात खरोखरच दोन नोंदी होतात, आणि त्या दोन्ही मॅकवर एकाच फाइलीवर येऊन आदळतात.

खात्री करायची असेल, तर लिनक्सवर `ls | xxd` चालवून `bc` शोधा. सुटी नावे एकसंध करायला `convmv` आहे:

```
convmv -f utf8 -t utf8 --nfc *
```

ही आज्ञा नुसते काय बदलेल ते दाखवते. `--notest` जोडले तरच नाव बदलते. जोड्या असतील, तर आधी दोन्ही फाइली उघडून कोणती ताजी आहे ते बघा.

काही जुने कळफलक मात्र ‘ऱ्य’ लिहिताना ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरतात. या रूपाला युनिकोड ‘ऱ’शी समान मानत नाही, त्यामुळे `convmv` त्याला हात लावत नाही. तशी नावे हातानेच पुन्हा टंकावी लागतात.