ज्ञानेश्वरी पहिल्यांदा वाचताना

नर्सीच्या यात्रेत घेतलेली ज्ञानेश्वरी आमच्या घरी कापडात बांधलेली असे. ती उघडून वाचणारा मीच पहिला. सुमारे ९००० ओव्यांना भिऊन मी आधी संक्षिप्त प्रत घेतली. विचार कळला, पण ओव्यांचे आकडे मध्येच उड्या घेत होते. गळाले होते ते नेमके दृष्टांत!

मग नुसती मूळ संहिता घेतली. बाराव्या अध्यायात आमच्याकडच्या हिंदीच्या सवयीने ‘पढिये’ म्हणजे ‘वाचतो’ असे समजून पुढे गेलो. खरा अर्थ ‘आवडतो’, हे सार्थ प्रतीने दाखविले.

म्हणून नवख्याने संपूर्ण सार्थ प्रतच घ्यावी आणि २४७ ओव्यांच्या बाराव्यापासून आरंभ करावा. ओवी आधी मोठ्याने वाचावी. नाहीतर डोळे खालच्या अर्थावरच धावतात.