खिशातलं कार्ड आणि तीन चमचे ग्लुकोज

सकाळी इन्सुलिन घेतलेला सहकारी मीटिंग लांबल्यामुळे दुपारी दोनपर्यंत जेवलेला नाही. त्याला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं. अनेकदा अशा माणसाला लोक दारू प्यायलेला समजतात. खरं तर त्याच्या रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरलेली असते आणि मेंदूला इंधन पुरत नसतं.

खिशातलं मधुमेहाचं ओळखपत्र इथे कामी येतं. त्यावर नाव, घरचा आणि डॉक्टरांचा फोन, इन्सुलिन व गोळ्यांची नावं हवीत. गोळ्यांची तर हवीतच! व्होग्लिबोज घेणाऱ्याला साधी साखर लवकर लागू पडत नाही, कारण ती पचण्याची क्रियाच ही गोळी मंद करते. त्याला ग्लुकोज पावडरच द्यावी.

माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे ग्लुकोज पाण्यातून द्यावं. पंधरा मिनिटांत उतार पडला नाही तर पुन्हा तेवढंच. बरं वाटल्यावर पोळी किंवा बिस्किटं खायला द्यावीत.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जातं. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. इन्सुलिन मुळीच टोचू नये.