बेल वाजली, पण दारात दूधवाला

फौजेतून निवृत्त झाल्यावर नोएडात बसून मी मोबाइलवर गोष्टी सांगू लागलो. उभ्या चौकटीत, मिनिटभराच्या भागांत. आज फक्त भागाच्या शेवटाबद्दल बोलू, कारण माझी पहिली गोष्ट तिथेच फसली.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं, तेव्हा कादंबरीच्या पुढच्या प्रकरणासाठी वाचक आठवडाभर थांबायचा. हार्डीच्या १८७३ च्या ‘अ पेअर ऑफ ब्लू आइज’मध्ये एक पात्र समुद्रकाठच्या कड्यावर लटकतं आणि मासिकातला हप्ता तिथेच संपतो. तो वाचक अंक विकत घेऊन बसलेला होता. आपला प्रेक्षक अंगठा काचेवर ठेवून बसलेला असतो. त्याला थांबायचं कारण क्षणात मिळायला हवं, आणि ते खरंही असायला हवं.

माझी गोष्ट अशी. एक निवृत्त सुभेदार पुण्याहून झेलम एक्सप्रेसने दिल्लीला येतो. घरी पोहोचल्यावर पाहतो, तर ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव-नंबर त्याचाच, पण कुलूप वेगळं. कुलूप तोडतो. आत शाळकरी मुलीचा गणवेश, त्याखाली पाकीट. तो पाकिटाला हात घालतो आणि दाराची बेल वाजते. भाग संपला. मी स्वतःवरच खूश होतो.

दुसऱ्या भागात दारात दूधवाला निघाला. खाली एका बाईंनी लिहिलं, “काका, उगाच घाबरवलंत.” तिसरा भाग जवळजवळ कोणी पाहिलाच नाही.

चूक कुठे झाली? बेलचा गोष्टीशी संबंध नव्हता. मी माहिती नुसती अडवून धरली होती. प्रेक्षक एकदा फसतो. दुसऱ्यांदा बेल वाजली की त्याचा अंगठा वर सरकतो.

मग तो शेवट मी नव्याने लिहिला. पाकीट त्याच भागात उघडलं. आत फोटो: तरुण सुभेदार, शेजारी त्याचा एक जवान, आणि सुभेदाराच्या खांद्यावर त्या जवानाची तान्ही मुलगी. सुभेदाराचा चेहरा उतरतो. बायको दारात येऊन विचारते, “कोणाची हो ट्रंक?” तो फोटो पाठीमागे लपवतो आणि म्हणतो, “माझीच.” इथे कापलं.

फरक बघा. पाकिटात काय, हा जुना प्रश्न सुटला. खोटं का बोलला, हा नवा उभा राहिला. शिवाय ते वाक्य आता परत घेता येत नाही. पात्राने काहीतरी केलंय आणि त्याचा परिणाम बाकी आहे. परिणाम पुढच्या भागासाठी ठेवा, माहिती नका ठेवू. दुसरा भाग थेट बायकोच्या वाक्याने सुरू केला: “मग आतला गणवेश कोणाचा?” पहिल्या पाच सेकंदांतच उधारी फेडायला सुरुवात झाली.

हे जमलं, कारण या वेळी शेवटचा भाग आधी लिहिला होता. ट्रंक खरंच सुभेदाराचीच. बदलीच्या वेळी त्याने ती त्या जवानाला दिली होती, आणि जवान गेल्यावर मुलीच्या शिक्षणाचा शब्दही. तो शब्द तो विसरला. गाडीत ट्रंका बदलल्या त्या मुलीनेच. म्हणजे “माझीच” हे अर्धं खरं होतं. शेवट कळल्यावर प्रेक्षकाने पहिला भाग पुन्हा पाहिला, तरी तो फसल्यासारखा वाटू नये. उत्तर ठरलेलं नसेल तर चित्रीकरण सुरूच करू नका.

आता थोडं कापण्याबद्दल. “माझीच” या शब्दानंतर मी अर्धा सेकंद ठेवला, जास्त नाही. ‘क्रमशः’ची पाटी, संगीत लावलं की अंगठ्याला निघायची सूचना मिळते. शिवाय शॉर्ट संपला की आपोआप पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून भाग १ कुलपाच्या आवाजाने सुरू केला. “माझीच” ऐकून लगेच तुटणारं परकं कुलूप दिसलं की ते खोटं आणखी बोचतं.

प्रेक्षकाला भाग क्रमाने मिळतीलच असं नाही. कुणाला आधी तिसराच दिसतो. म्हणून भागाचा क्रमांक चौकटीच्या वरच्या बाजूला लिहा. खाली शीर्षक आणि उजवीकडे बटणं त्याला झाकतात. पुढचा भाग आला की यूट्यूब स्टुडिओत जाऊन आधीच्या भागाला संबंधित व्हिडिओ म्हणून जोडा.

शेवट चालला की नाही, हे कसं ओळखायचं? स्टुडिओतला आलेख शेवटच्या सेकंदांत घसरला, तर तुम्ही उशिरा कापलंत. आलेख टिकला पण पुढच्या भागाला माणसं आली नाहीत, तर प्रश्नात दम नव्हता, किंवा पुढचा भाग सापडला नाही. आणि पुढचा भाग उघडून लोक लगेच निघून गेले, तर दारात दूधवाला होता.