विमानाचे पेट्रोल आणि धुराचे तपमान

धुळ्याजवळ गोंदूरच्या विमानतळावर बॉम्बे फ्लाइंग क्लबचे शिकाऊ वैमानिक उड्डाणे करीत असलेले आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्यांच्या छोट्या विमानात पुढच्या फळीवर एक तांबडी मूठ असते. ती पुरती आत असली म्हणजे इंजिनाला भरपूर पेट्रोल मिळते. बाहेर ओढू लागले की पेट्रोल कमी होत जाते, आणि पुरती बाहेर आली की इंजिन बंद पडते. आपल्या मोटारगाडीत अशी मूठ नाही. मग विमानात ती का लागते, आणि किती ओढावी हे वैमानिकाला कळते कसे, एवढाच प्रश्न आज आम्ही घेणार आहोत.

प्रथम घरातील स्टोव्ह आठवावा. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते व भांडे काजळते. याचा अर्थ इंधन आहे, पण ते सारे जळत नाही. इंजिनाचेही तसेच आहे. एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे पंधरा किलो हवा लागते. हवेच्या मानाने पेट्रोल अधिक झाले तर त्या मिश्रणास आम्ही ‘गाढे’ म्हणू, कमी झाले तर ‘फिके’ म्हणू. वैमानिक यांनाच ‘रिच’ आणि ‘लीन’ म्हणतात.

आता विमान वर जाते तेव्हा काय घडते ते पाहू. साध्या कार्ब्युरेटरमधून हवा वेगाने जाते व तिच्या ओढीने पेट्रोल आत येते. वर हवा विरळ असते. 2400 मीटर उंचीवर ती समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एकपंचमांशाने कमी वजनाची होते. पेट्रोलही कमी येते, पण तितके कमी होत नाही. परिणामी वैमानिकाने काहीही न करता मिश्रण तेरा टक्क्यांच्या आसपास गाढे होऊन बसते.

यासाठी फार उंच जावयास हवे असेही नाही. गोंदूरची उंची अडीचशे मीटरांच्या आसपास. त्या उंचीवर प्रमाण मानलेले तपमान साडेतेरा अंश सेल्सियस आहे. मे महिन्यातील दुपारी ते 44 अंश झाले, म्हणजे एकतीस अंशांनी अधिक झाले, असे धरू. दर अंशामागे हवा छत्तीस मीटर वर चढल्यासारखी विरळ होते. एकतीस गुणिले छत्तीस म्हणजे अकराशेहून थोडे अधिक, त्यात मूळचे अडीचशे मिळवावे. विमान उभे आहे खानदेशात, पण त्याच्या इंजिनाला हवा मिळते ती महाबळेश्वराच्या उंचीवरची! थंडावा मात्र तेथला नाही. अशा हवेत तांबडी मूठ पुरती आत ठेवून विमान जमिनीवर रेंगाळत राहिले तर न जळलेल्या पेट्रोलची काजळी व त्यातील शिशाचे थर स्पार्क प्लगवर बसतात आणि उड्डाणापूर्वीच्या तपासणीत इंजिन अडखळते.

पेट्रोल किती कमी करावे हे डोळ्यांना दिसत नाही. येथे धुराच्या नळीत बसवलेला तपमापक उपयोगी पडतो. गाढ्या मिश्रणात जादा पेट्रोल जळत नाही, उलट उष्णता शोषून धूर थंड ठेवते. मूठ ओढत गेले की हे जादा पेट्रोल कमी होते व काटा चढतो. पेट्रोल आणि हवा एकमेकांस जवळजवळ पुरी पडली की काटा आपल्या शिखरावर येतो. त्याहून फिके केले तर आता उरलेली हवा उष्णता नेते आणि काटा उतरू लागतो.

टेकडीवर धुक्यात चढणाऱ्यास माथा केव्हा आला हे कसे कळते? पुढचे पाऊल उताराला पडले म्हणजे! वैमानिकही तसेच करतो. विमान सरळ पातळीवर आणून, शक्ती नेमकी करून तो इंजिनाला एकदोन मिनिटे स्थिर होऊ देतो. मग मूठ अगदी हळूहळू बाहेर घेतो. काटा चढतो, थांबतो, किंचित उतरतो. माथा कळला. आता तो मूठ परत आत सारतो, काटा पुन्हा माथ्यावर येऊन गाढ्या बाजूने उतरतो, आणि माथ्यापासून 50 अंश फॅरनहाइट खाली आल्यावर तो थांबतो. पुष्कळ लहान सेसना विमानांच्या पुस्तिकेत नेहमीच्या प्रवासासाठी हीच जागा सांगितली आहे. अधिकात अधिक काटकसर हवी असेल तर प्रत्यक्ष माथ्यावरच राहता येते.

येथे नवशिक्याची एक चूक हमखास होते. तो काट्याचा आकडा तापाच्या आकड्यासारखा वाचतो. हा आकडा इंजिनाचा ताप नव्हे. तपमापक नळीत दोन बोटे पुढे-मागे बसवला तरी आकडा बदलतो. म्हणून पाहावयाचे ते माथ्यापासूनचे अंतर. शिवाय धूर माथ्यावर असतो तेव्हा सिलिंडर सर्वांत तापलेला असतो असे नाही. सिलिंडरचे डोके सर्वांत तापते ते माथ्याच्या थोडे अलीकडे, गाढ्या बाजूस पन्नास अंशांच्या आसपास, म्हणजे नेमके जेथे आपण थांबलो तेथेच! मग हे चालते कसे? इंजिनाची शक्ती 75 टक्के किंवा त्याहून कमी असते म्हणून. पूर्ण शक्तीवर चढताना याच जागी थांबले तर मिश्रण सिलिंडरात स्फोटासारखे पेटू शकते आणि पिस्टन निकामी होतो. त्यासाठीच उड्डाणाच्या वेळी गाढे मिश्रण ठेवतात. तेथे जादा पेट्रोल वाया जात नाही, ते इंजिनाला थंडावा देते.

हे न केल्यास काय होते ते हिशेबाने पाहू. जुन्या सेसना 172 विमानात वापरण्याजोगे पेट्रोल सुमारे दीडशे लिटर असते. मिश्रण नीट बसवले तर तासाला 28 लिटर लागतात असे धरा. पेट्रोल पाच तास वीस मिनिटे पुरेल. मूठ आतच राहिली व तासाला 34 लिटर जाऊ लागले तर साडेचार तासही पुरणार नाही. पुस्तिकेतील कोष्टक नीट बसवलेल्या मिश्रणासाठीच केलेले असते. ज्याने धुळ्याहून नागपूरला जाऊन परत येण्याचा हिशेब त्यावरून मांडला आणि तांबडी मूठ विसरला, त्याच्या हिशेबातून जवळजवळ एक तास नाहीसा होतो. आकाशात रस्त्याच्या कडेला पंप नाहीत.

उलट चूकही घडते, ती उतरताना. वर 2400 मीटरांवर योग्य बसवलेली मूठ तशीच ठेवून विमान खाली आणले, तर दाट हवेत तेच मिश्रण फार फिके होते. इंजिन खोकू लागते, आणि धावपट्टीवरून पुन्हा वर जाण्याची वेळ आली तर पुरी शक्ती मिळत नाही. म्हणून उतरताना मूठ थोडीथोडी आत घेत यावे लागते.

शेवटी एक मर्यादा सांगितली पाहिजे. चार सिलिंडरांना कार्ब्युरेटर अगदी सारखे पेट्रोल वाटत नाही. एकाच नळीतील तपमापक एकाच सिलिंडरची बातमी देतो. काटा माथ्यावर येण्यापूर्वीच इंजिन थरथरू लागले, तर दुसरा एखादा सिलिंडर आधीच फार फिका झाला आहे असे समजावे आणि मूठ आत घ्यावी. त्या वेळी काट्यावर नव्हे, इंजिनाच्या आवाजावर विश्वास ठेवावा.