घरबसल्या तपासणी : लेखांक ५
गजकर्णाचा फोटो

मागच्या लेखांकात दूरच्या डॉक्टरांना तक्रार कशी सांगावी ते पाहिलं. आता फोटो, आणि उदाहरण घेऊ गजकर्णाचं.

समजा, कमरेवर नाडी बांधतो तिथे खाजरा चट्टा उठला आहे. गजकर्ण ओळखू येतं ते कडेवरून. बुरशी बाहेरच्या बाजूला पसरत जाते, त्यामुळे कड किंचित उचललेली आणि खवल्यांची असते, मधला भाग निवत आलेला. समोरून फ्लॅश मारला की नेमकी ही कडच सपाट दिसते. म्हणून फ्लॅश बंद ठेवा आणि खिडकीपाशी उभे राहा, मात्र थेट ऊन अंगावर नको. फोनचा ब्यूटी मोडही बंद करा. तो खवले पुसून टाकतो. मलम, तेल, पावडर लावायचं ते नंतर.

फोटो दुसऱ्या कुणाला तरी काढू द्या. पहिला हातभर अंतरावरून, चट्टा नेमका कुठे आहे ते कळण्यासाठी. दुसरा वीतभर अंतरावरून, फोन त्वचेला समांतर धरून. स्क्रीनवर चट्ट्यावर बोट टेकवा, नाहीतर फोकस कपड्यावर जातो. सावळ्या त्वचेवर लाली तपकिरी किंवा जांभळट दिसते, तेव्हा शेजारची निरोगी त्वचाही फोटोत हवी. तिसरा फोटो तिरका घ्या, उजेड एका बाजूने येऊ द्या. उचललेल्या कडेची सावली पडते आणि उंचवटा कळतो. माझ्या मते तिन्हींत हाच सगळ्यात मोलाचा, आणि बहुतेक लोक हाच काढत नाहीत.

मापासाठी नाणं ठेवू नका. १९९२ सालचं रुपयाचं नाणं २५ मिलिमीटरचं होतं, २०१९च्या मालिकेतलं २० चं आहे. शाळेची पट्टी चट्ट्याशेजारी त्वचेला टेकवा. अधांतरी धरली तर ती कॅमेऱ्याच्या जवळ येते आणि चट्टा आहे त्यापेक्षा लहान भरतो. पट्टीजवळ तारखेची चिठ्ठीही ठेवा, कारण व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली मूळ तारीखही जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवणं बरं.

आता धरा, १ जूनला चट्टा ४ सेंटिमीटर होता. दुकानातून स्टेरॉईड मिसळलेलं मलम आणून लावलं. ८ जूनला लाली उतरली, खाज थांबली, घरच्यांना वाटलं बरं झालं. पण त्याच खिडकीपाशी, तेवढ्याच अंतरावरून काढलेल्या फोटोत पट्टी साडेपाच दाखवते आणि कड पुसट झालेली दिसते. स्टेरॉईड दाह दाबतं, बुरशी मात्र वाढतच राहते. दोन फोटो शेजारी ठेवले की डॉक्टरांच्या हे लगेच लक्षात येतं. त्यासाठी मलमाच्या ट्यूबचाही फोटो पाठवा, नाव नीट वाचता येईल असा.

तरीही शंका राहिली तर कडेचे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात; ते फोटोत होत नाही. आणि त्वचा गरम, दुखरी होऊन लाली तासातासाला पसरत असेल, सोबत ताप असेल, किंवा अंगावर फोड येऊन तोंडही आलं असेल, तर फोटो काढत बसू नका, थेट दवाखाना गाठा.