चिठ्ठ्यांच्या फोटोंतून एक यादी

चिकटचिठ्ठ्यांच्या फोटोंवरून यादी करताना आधी प्रत्येक फोटोला क्रमांक द्यावा आणि मजकूर आहे तसा उतरवावा. अर्थ लावण्याची घाई इथेच नडते. हातच्या अक्षरात १ आणि ९ सहज एकमेकांसारखे दिसतात, म्हणून शंकास्पद आकड्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवून लिहिणाऱ्यालाच विचारावे. फोटोक्रमांक असला की मूळ चिठ्ठी लगेच सापडते.

मग एकाच कामाच्या नोंदी एकत्र कराव्यात. गृहनिर्माण संस्थेच्या एका गठ्ठ्यात ‘हॉल?’, ‘नोटीस लावणे’, ‘सभा २८ सप्टें.’ आणि लाल शाईत ‘बागेचा नळ अर्जंट!!’ अशा चिठ्ठ्या आहेत असे समजू. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. नोटिशीचा आणि सभेचा दिवस त्यात धरत नाहीत, म्हणजे ती १३ तारखेपर्यंत निघायला हवी. नोटिशीत सभेचे ठिकाण लागते, म्हणून कोपऱ्यातला ‘हॉल?’ यादीत पहिला येतो. त्यामागून नोटीस. नळातून पाणी वाहत असेल तर प्लंबरला त्याच दिवशी बोलवावे, नुसता ठिबकत असेल तर तो खाली जातो. लाल शाईवरून एवढेच कळते की लिहिणारा वैतागला होता.