निळी नळी काय सांगते?

लाळेतलं अमायलेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, स्टार्च तोडतं. स्टार्च संपला की आयोडीन निळं होत नाही. बर्फातल्या आणि उकळलेल्या, दोन्ही नळ्यांतले थेंब निळेच होतात, आणि बहुतेक अहवालांत दोन्हींपुढे ‘विकर निष्क्रिय’ एवढंच लिहिलेलं असतं. ते अपुरं आहे. दोन्ही नळ्या ३७ अंशांवर ठेवून पाहा. बर्फातल्या नळीचा निळा रंग हळूहळू जातो, उकळलेलीचा जात नाही. थंडीत विकर फक्त मंदावलं होतं. उकळीत त्याच्या रेणूची घडीच मोडली.

एक फसवणूक मात्र आयोडीनचीच. थेंब फार गरम असेल तर स्टार्च असूनही निळा रंग दिसत नाही, आणि मोडलेलं विकर जोमात असल्याचा भास होतो. थेंब आधी थंड होऊ द्यावा.